कवडसा दिसावा, धुकं नको

नव्या इमारतीच्या माहितीपत्रकात बैठकीच्या खोलीचं एक सुंदर चित्र असतं. सोफा, गालिचा, कोपऱ्यात कुंडी, आणि खिडकीतून तिरपं आत येणारं ऊन. ही खोली अजून बांधलेली नसते. संगणकात भिंती उभ्या करून, त्यांना रंग आणि पोत देऊन, त्यात सूर्य ठेवून हे चित्र तयार केलेलं असतं. या कामाला सगळे ‘रेंडर’ म्हणतात. अशा पुष्कळ चित्रांत एक गोष्ट खटकते. खिडकीतून उन्हाऐवजी पांढरा धूर आत शिरल्यासारखा वाटतो. सोफ्याचा काळा रंग राखाडी होतो, समोरची भिंत विरते आणि घर नांदतं न वाटता शेकोटी पेटवून सोडून दिल्यासारखं दिसतं. करणाऱ्याला हवा होता कवडसा. हाती आलं धुकं.

हे का होतं आणि कसं टाळायचं, हे एकदा कळलं की माहितीपत्रकातलं असं चित्र पाहतानाही आपली नजर बदलते. उदाहरणासाठी ब्लेंडर हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर आणि त्यातलं सायकल्स हे रेंडर इंजिन घेऊ. प्रकाशाचे नियम मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हेच राहतात.

दिसते ती धूळ

प्रकाश बाजूने पाहिला तर दिसत नाही. खिडकीतून फरशीकडे निघालेला किरण आपल्या डोळ्यात शिरतच नाही, मग तो दिसणार कसा? वाटेत धुळीचा कण आला, त्याने थोडा प्रकाश आडवा फेकला, तर तेवढाच आपल्यापर्यंत पोचतो. आपण ज्याला उन्हाचा झोत म्हणतो तो म्हणजे उजळलेल्या धुळीचा आकार.

आयरिश शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८७० च्या सुमारास लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे लोकांसमोर करून दाखवलं होतं. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा झोत सोडला की तो हवेत लखलखीत दिसे. त्याखाली स्पिरिटचा दिवा धरला की झोतामध्ये काळे लोट उठल्यासारखे दिसत. पाहणाऱ्यांना तो धूर वाटे. प्रत्यक्षात ती धूळ नसलेली हवा होती. कण नाहीत म्हणून तिथे प्रकाश विखुरत नव्हता, आणि उजळ झोतात ती जागा काळी दिसत होती.

संगणकातली हवा मुळात अशीच असते, पूर्ण निर्वात. त्यामुळे साध्या रेंडरमध्ये फरशीवर उन्हाचा तुकडा पडतो, पण खिडकी आणि फरशी यांच्यामध्ये काहीच दिसत नाही. झोत हवा असेल तर खोलीत धूळ भरावी लागते. ब्लेंडरमध्ये खोली सामावेल एवढा एक ठोकळा घ्यायचा आणि त्याला Volume Scatter नावाचं द्रव्य द्यायचं. ठोकळ्याच्या बाजू भिंतींच्या पृष्ठभागाशी नेमक्या जुळवायच्या नाहीत, त्या भिंतींच्या जाडीत थोड्या घुसू द्यायच्या. त्या द्रव्याला Density, म्हणजे दाटपणा, असा एक आकडा असतो. बहुतेकांचा घात इथेच होतो.

दाटपणाचा आकडा

एक खोली घेऊ. पुण्यातल्या जुन्या घराची, पूर्वेला खिडकी असलेली, पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद. खिडकी सव्वा मीटरच्या आसपास उंच. तिचा तळ जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर, माथा २ मीटर १० सेंटिमीटरवर. खाली शहाबादी फरशी, बाजूच्या भिंतीला लागून काळपट सागवानी कपाट.

द्रव्य लावलं की Density आपोआप १ असतो. द्रव्याचा रंग पूर्ण पांढरा धरला तर या आकड्याचा अर्थ असा: चार मीटरवरच्या भिंतीकडून निघालेल्या प्रकाशापैकी जेमतेम दोन टक्के कॅमेऱ्यापर्यंत सरळ पोचतो. बाकीचा वाटेत विखुरतो. चित्र अक्षरशः दुधाळ होतं. मग माणूस आकडा ०.१ वर आणतो. आता भिंतीचा सदुसष्ट टक्के प्रकाश पोचतो, म्हणजे तरीही एक तृतीयांश हरवतो. पुढे ०.०२ करून पाहतो. आता आठ टक्केच जातात. चित्र बरंच निवळतं आणि बहुतेक जण इथे थांबतात.

पण ०.०२ हा आकडाही वाटतो तेवढा थोडा नाही. हवामानशास्त्रात दृश्यमानता, म्हणजे किती लांबचं दिसतं, हे हवेच्या याच दाटपणावरून काढता येतं. ३.९ ला दाटपणाने भागलं की अंतर मीटरमध्ये मिळतं. ०.०२ म्हणजे जवळपास दोनशे मीटर. दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली गेली की हवामान खातं त्याला धुकं म्हणतं. म्हणजे ज्या हवेला आपण ‘थोडीशी धूळ’ समजतो आहोत, तशी हवा बाहेर असती तर महामार्गावर गाड्या दिवे लावून हळू चालल्या असत्या. घरातली साधी हवा याच्या दहापट तरी विरळ असते, आणि तिच्यातही कवडसा स्वच्छ दिसतो.

मग संगणकातल्या खोलीत तो का दिसत नाही? तिथे धूळ भरपूर असते. कमी पडतो तो ऊन आणि सावली यांच्यातला फरक.

ऊन आणि सावलीचं प्रमाण

निरभ्र सकाळी, सूर्य बऱ्यापैकी वर आल्यावर, उन्हात थेट धरलेल्या कागदावर पाऊण लाख लक्सच्या आसपास प्रकाश पडतो. लक्स हे प्रकाश मोजायचं एकक. त्याच वेळी खोलीत, ऊन न पडलेल्या भिंतीवर, काहीशेच लक्स असतात. उन्हातला धुळीचा कण सावलीतल्या कणापेक्षा शंभरपट उजळलेला असतो. म्हणून हवेत नाममात्र धूळ असली तरी झोत उठून दिसतो आणि झोताबाहेरची तीच धूळ दिसतही नाही.

रेंडर करणारा मात्र हे प्रमाण नकळत मोडतो. पहिलं चित्र काढतो तेव्हा खोली काळोखी येते. ग्राहकाला फर्निचर दिसायला हवं, म्हणून तो छताजवळ एक अदृश्य दिवा ठेवतो, खिडकीबाहेर आणखी एक लावतो, आकाशाचा उजेड वाढवतो. आता सगळीकडे छान दिसतं, पण ऊन सावलीच्या जेमतेम दहापट उरतं. झोत फिका पडतो. तो परत आणायला दाटपणा दहापट केला जातो. आणि दाटपणा वाढवला की झोतातली धूळ दहापट होते, तशी झोताबाहेरचीही होते. दोघांमधलं प्रमाण आहे तिथेच राहतं. बदल होतो तो एवढाच, की समोरची भिंत पुसट होते आणि काळे रंग राखाडी होतात. चित्रातलं धुकं येतं ते इथून.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी भरीचे दिवे काढून टाकायचे. सूर्य आणि आकाश एकमेकांशी खऱ्या प्रमाणात ठेवायचे. ब्लेंडरमधलं Sky Texture हे दोन्ही योग्य प्रमाणात देतं. मग खोली काळोखी दिसली तर दिवा न वाढवता Exposure वाढवायचं. छायाचित्रकार अंधाऱ्या खोलीत हेच करतो, खोलीला हात न लावता कॅमेरा जास्त प्रकाश घेईल असं पाहतो. त्याने खिडकी पांढरीशुभ्र होते, आणि होऊ द्यावी. भर उन्हाकडे पाहिल्यावर डोळ्यालाही बाहेरचं स्पष्ट दिसत नाही. ब्लेंडरच्या चौथ्या आवृत्तीपासून रंगांसाठी AgX ही पद्धत मूळचीच लावलेली असते. ती अशा भगभगीत जागा एकदम कापून न टाकता हळूहळू पांढऱ्याकडे नेते.

आपल्या खोलीत एवढं केल्यावर दाटपणा ०.००२ वर आणता येतो. दृश्यमानता जवळजवळ दोन किलोमीटर, म्हणजे धूसर पण धुकं नसलेली हवा. चार मीटरवरच्या भिंतीचा एक टक्कासुद्धा प्रकाश हरवत नाही. भिंत, सोफा, गालिचा, सगळं धूळ नसताना जसं दिसेल तसंच दिसतं, आणि तरी खिडकीपासून फरशीपर्यंत एक हलका झोत हवेत उभा असतो.

मागे काय आहे

झोत स्वतःची एक थोडीशी उजळणी चित्रात मिळवतो. ती उठून दिसते की नाही, हे तिच्यामागे काय आहे यावर ठरतं. चित्रातला काळा म्हणजे शून्य आणि पांढरा म्हणजे एक असं धरू. झोताने ०.०३ एवढा उजेड मिळवला. मागे ०.५ ची चुन्याची भिंत असेल तर ही भर सहा टक्क्यांची, जेमतेम जाणवणारी. मागे ०.०५ चं सागवानी कपाट असेल तर तोच उजेड साठ टक्क्यांची भर घालतो. झोत तोच, धूळ तीच, पण कपाटावर तो ठळक दिसतो आणि भिंतीवर विरतो.

म्हणून झोत हवा असेल तर धुळीआधी मांडणी पाहायची. कपाट झोताच्या मागे येईल असा कॅमेरा दोन हात सरकवला तर दाटपणाला हातही लावावा लागत नाही. झोत वरच्या बाजूला भिंतीवर पुसट आणि खाली कपाटावर ठळक दिसतो, हेही चांगलंच आहे. एकाच झोताचा हा कमीजास्तपणा खऱ्या घरात रोज दिसतो. फरशीचाही यात वाटा आहे. पांढरी चकचकीत फरशी ऊन उसळवून सगळ्या खोलीत पसरवते आणि सावल्या फिक्या करते. शहाबादीसारखी करडी फरशी बराच प्रकाश गिळते, सावली टिकते, झोतही टिकतो. नव्या घरांतल्या पांढऱ्या भिंती, पांढरं छत आणि पांढऱ्या टाइल्स यांच्या खोलीत कवडसा मुळातच कमी दिसतो. रेंडरमध्येही तो तिथे कमीच दिसायला हवा.

डॅनिश चित्रकार विल्हेल्म हामर्सहॉय यांनी १९०० साली कोपनहेगनमधल्या आपल्या राहत्या घरातली एक रिकामी खोली रंगवली. चित्राच्या नावातच उन्हात नाचणारे धूलिकण आहेत आणि ते आज ऑर्ड्रुपगार्ड संग्रहालयात आहे. खिडकी, तिच्या शेजारी बंद दार, करडी भिंत, फरशीवर तावदानांचे तिरपे तुकडे, आणि दोन्हींच्या मध्ये झोताचे फिके पट्टे. आजूबाजूची भिंत त्यांनी करडी आणि दबलेली ठेवली, म्हणून झोताला अगदी थोडी उजळणी पुरली. रेंडर करणाऱ्याने हे चित्र मोठं करून पाहावं. पट्टे भिंतीपेक्षा किती थोडे उजळ आहेत, हे तिथे नजरेला कळतं.

कॅमेरा कुठे उभा आहे

खोली तीच, ऊन तेच, पण खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं तर झोत जवळजवळ नाहीसा होतो. खिडकीच्या रोखाने, थोडं बाजूला उभं राहून पाहिलं की तो उजळतो. धुळीचे कण प्रकाश सगळीकडे सारखा फेकत नाहीत. बराचसा प्रकाश मूळ दिशेनेच, थोडा वळून, पुढे जातो.

लुई हेन्ये आणि जेसी ग्रीनस्टाइन या खगोलशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये ताऱ्यांमधल्या धुळीसाठी या वळण्याचं एक सोपं सूत्र मांडलं. तेच सूत्र आज रेंडर इंजिनांमध्ये खोलीतल्या धुळीसाठी वापरतात. ब्लेंडरमध्ये त्याचा आकडा Anisotropy या नावाने दिसतो. शून्य ठेवला तर कण सगळ्या दिशांना सारखा प्रकाश फेकतात. एकाच्या जवळ नेला तर बहुतेक प्रकाश पुढेच जातो. आपोआप येणारा आकडा शून्य असतो आणि अनेकांच्या फायलीत तो तसाच राहतो.

तो ०.६ केला तर काय होतं ते पाहू. किरणाची दिशा आणि कणाकडून कॅमेऱ्याकडे येणाऱ्या प्रकाशाची दिशा यांच्यात ४५ अंशांचा कोन असेल, म्हणजे आपण तिरकं खिडकीकडे पाहत असू, तर झोत शून्याच्या तुलनेत पावणेदोनपट उजळ होतो. कोन ९० अंशांचा असेल, म्हणजे झोत अगदी बाजूने पाहत असू, तर तो चाळीस टक्क्यांवर येतो. एकाच धुळीत या दोन जागांमध्ये चौपटीहून जास्त फरक पडतो. झोताबाहेरच्या धुळीवर मात्र प्रकाश भिंतींकडून आणि छताकडून सगळ्या बाजूंनी येतो, त्यामुळे तिच्यात फारसा बदल होत नाही. म्हणजे कॅमेरा नीट ठेवून आणि हा आकडा ०.५ ते ०.७ च्या दरम्यान घेऊन झोत वाढतो, पण धूसरपणा वाढत नाही. दाटपणाने जे साधत नाही ते इथे साधतं.

याला मर्यादाही आहे. Anisotropy ०.९ च्या पुढे नेली तर खिडकीच्या नेमक्या रोखाने पाहताना झोत भडकतो आणि थोडं बाजूला गेलं की विझतो. कॅमेरा फिरत जाणाऱ्या चित्रफितीत हे लगेच उघडं पडतं.

सूर्याची जागा आणि रुंदी

आता सूर्य कुठे ठेवायचा? मन मानेल तिथे नाही. पुण्यात २१ मार्चच्या सुमारास सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य क्षितिजापासून ३५ अंश वर असतो, पूर्वेपासून थोडा दक्षिणेकडे. आपली खिडकी पूर्वेची आहे, तेव्हा ऊन आत येईल. ३५ अंशांवर किरण जेवढा खाली उतरतो त्याच्या सुमारे १.४ पट तो आत सरकतो. खिडकीच्या तळाजवळचा किरण सुमारे १ मीटर ३० सेंटिमीटरवर फरशीला टेकेल आणि माथ्याजवळचा ३ मीटरवर. भिंतीच्या जाडीमुळे हा पट्टा थोडा आखडेल. म्हणजे फरशीवर उन्हाचा तुकडा साधारण सव्वा ते पावणेतीन मीटरच्या दरम्यान यायला हवा. रेंडरमध्ये ऊन समोरच्या भिंतीपर्यंत पोचलं असेल तर सूर्य याहून बराच खाली ठेवला आहे आणि ती वेळ सव्वानऊची नाही.

दुसरी गोष्ट सूर्याच्या रुंदीची. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाहून किंचित जास्त रुंद दिसतो. त्यामुळे कुठल्याही वस्तूच्या सावलीची कड अंतराबरोबर मऊ होत जाते, दर मीटरला जवळपास एक सेंटिमीटर. आपल्या खिडकीला १२ मिलिमीटर जाडीचे लोखंडी गज आहेत असं धरू. त्यांच्या सावलीचा काळा गाभा सुमारे १ मीटर ३० सेंटिमीटरवर संपतो. त्यापुढे फक्त फिकी छटा उरते. खिडकीच्या तळाजवळून निघालेला किरणसुद्धा फरशीपर्यंत दीड मीटरहून जास्त चालतो. म्हणजे गजांच्या रेघा झोतात खिडकीजवळ स्पष्ट, पुढे विरत जाणाऱ्या, आणि फरशीवर जेमतेम ओळखू येणाऱ्या असायला हव्यात. खिडकीची मधली लाकडी पट्टी सहा सेंटिमीटरची असेल तर तिची सावली मात्र फरशीपर्यंत ठाम राहते.

ब्लेंडरमधल्या सूर्याच्या दिव्याला Angle हा आकडा आहे. तो ०.५३ च्या आसपास ठेवला की हे सगळं आपोआप घडतं. तो शून्य असेल तर गजांमधून निघालेले पट्टे सुरीने कापल्यासारखे फरशीपर्यंत जातात आणि खोली रोषणाईच्या मंचासारखी दिसते. याउलट कुणी मऊपणासाठी तो पाच-दहा अंश केला तर पट्टे खिडकीतून निघताच एकमेकांत मिसळतात आणि आकार नसलेला एक पांढरा लोळ उरतो. त्या लोळाला आकार द्यायला पुन्हा दाटपणा वाढवला जातो.

नेहमी अडणाऱ्या दोन जागा

सगळं नीट करूनही झोत येतच नाही, अशी तक्रार बरेचदा ऐकू येते. दोन कारणं आधी तपासावीत.

पहिलं म्हणजे काच. खिडकीला खऱ्यासारखी काच लावली की सायकल्स तिला अडथळा समजतं. काचेतून वाकून येणारा सूर्यप्रकाश शोधणं त्याच्यासाठी अवघड काम असतं. परिणामी ऊन आत येत नाही, किंवा चित्रभर पांढरे ठिपके येतात. काच दिसतच नसेल तर ती काढून टाकणं सर्वांत सरळ. दिसत असेल तर Light Path मधलं Is Shadow Ray वापरून, सावली मोजताना ती काच पूर्ण पारदर्शक धरावी असं सांगता येतं. डोळ्याला काच दिसते, उन्हाला ती आडवी येत नाही.

दुसरं कारण, धूळ ठोकळ्यात न भरता World ला लावणं. एका क्लिकमध्ये सगळीकडे धूळ, म्हणून ते सोपं वाटतं. पण तसं केलं की सॉफ्टवेअरच्या हिशोबात धूळ अनंत अंतरापर्यंत पसरते आणि सूर्यही अनंत अंतरावर असतो. त्या सगळ्या धुळीतून त्याचा एकही किरण इथपर्यंत पोचत नाही. धूळ खोलीपुरत्या ठोकळ्यातच हवी.

झोत चित्र पूर्ण झाल्यावर वरून रंगवण्याचीही सोय असते. त्यात खिडकीच्या उजळ भागापासून प्रकाश पसरवून रेघा ओढल्या जातात. हे झटपट होतं, पण अशा रेघांना खोलीची खोली माहीत नसते. झोताच्या वाटेत खुर्ची असेल तर तिच्यामागे झोत तुटायला हवा, आणि या रेघा खुर्चीवरूनच सरळ पुढे जातात. असं चित्र कुठे फसलं हे पाहणाऱ्याला सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकलंय हे त्याला जाणवतं.

जमलं की नाही, हे कसं ओळखायचं

डोळा फसतो. तासभर तेच चित्र पाहिल्यावर धूसरपणाची सवय होते आणि हात आपोआप दाटपणा वाढवतो. म्हणून तीन तपासण्या ठेवाव्यात.

पहिली, एकदा धुळीसह आणि एकदा धुळीशिवाय रेंडर काढून दोन्ही आळीपाळीने पाहणं. बदल फक्त झोताच्या जागी दिसायला हवा. सगळी खोलीच श्वास घेतल्यासारखी फिकी-गडद होत असेल तर धूळ जास्त आहे. दुसरी, सर्वांत काळ्या जागेची किंमत वाचणं. कपाटाखालचा काळोख धुळीशिवाय ०.०२ असेल आणि धुळीसह ०.०६ झाला असेल, तर काळा रंग गेला. ०.०२ चा ०.०२२ झाला तर हरकत नाही. तिसरी, चित्र पाहिलं नसलेल्या माणसाला ते दाखवून खोलीत काय काय आहे ते विचारणं. त्याने आधी झोताचं नाव घेतलं तर तो जास्त झाला. कपाट, गालिचा, खिडकी सांगून झाल्यावर ‘ऊन छान आलंय’ म्हणाला, तर काम जमलं.

एवढ्या विरळ धुळीत रेंडर करताना चित्रात बारीक रवाळपणा येतो. तो घालवणाऱ्या डीनॉइजरवर सगळा भार टाकला तर तो झोताच्या मऊ कडा पुसून डाग तयार करतो. सायकल्समध्ये धुळीने मिळवलेला प्रकाश Volume Direct या नावाने वेगळ्या थरात काढता येतो. तो थर वेगळा साफ करायचा आणि शेवटी मूळ चित्रात मिळवायचा. याचा आणखी एक फायदा आहे. झोत दहा टक्के कमी करायचा झाला तर सगळं रेंडर पुन्हा न करता तो थर तेवढा हलका करता येतो. हात वाढवण्याकडेच जात असेल तेव्हा ही सोय कमी करण्यासाठी वापरावी.

हा कवडसा खरा आहे का

घराच्या चित्रातला कवडसा नुसती सजावट नसतो. या खिडकीत या वेळी ऊन येतं, असं तो सांगत असतो. पुण्यात उत्तरेच्या खिडकीत दुपारी थेट ऊन येतं ते फक्त मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत, कारण वर्षाच्या त्याच भागात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. तेव्हाही तो इतका वर असतो की ऊन खिडकीच्या कट्ट्यापलीकडे फारसं जात नाही. उत्तरेच्या बैठकीत दुपारचा लांबलचक तिरपा झोत दाखवणारं चित्र, कितीही देखणं असलं तरी, त्या घराबद्दल खोटं बोलतं. समोर दहा मजली इमारत असताना पहिल्या मजल्यावर सकाळचं कोवळं ऊन दाखवणारंही तसंच.

घर घेणारा माणूस आयुष्याची कमाई त्या चित्रावर विसंबून लावतो. म्हणून धुळीचा आकडा ठरवण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात, खिडकीची दिशा आणि चित्रातली तारीख-वेळ. त्या दिशेला त्या वेळी ऊन येतच नसेल तर झोत घालू नये. आकाशाच्या मऊ उजेडातही खोली सुंदर दिसते आणि ती खरी असते. ऊन येत असेल तर सूर्य त्याच्या जागी ठेवावा, भरीचे दिवे काढावेत, कॅमेरा खिडकीच्या रोखाने तिरका ठेवावा, आणि सर्वांत शेवटी, चिमूटभरच, धूळ घालावी.